वार्षिक सवलतीचे खरे मोल

संगणकावर कोणतीही प्रणाली घ्यायला गेले की हल्ली एकाच वस्तूचे दोन-तीन भाव समोर येतात. महिन्याने पैसे भरा तर एक दर, वर्षाचे एकदम भरा तर दुसरा. वार्षिक दराच्या शेजारी सवलतीची टक्केवारी ठळक अक्षरांत झळकत असते आणि ग्राहक स्वाभाविकपणेच तिकडे वळतो. मात्र ही सवलत फुकट मिळालेली नसते. वर्षभर सोडून न जाण्याचे वचन ग्राहक देतो, त्याची ती किंमत असते. ते वचन मोडावे लागले तर काय होईल, याचा हिशेब भावाच्या पाटीवर लिहिलेला नसतो. म्हणूनच मासिक की वार्षिक, या प्रश्नाचे उत्तर दरापेक्षा बाहेर पडण्याच्या अटींवर अधिक अवलंबून असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'अ‍ॅडोबी' ही अमेरिकी कंपनी. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन या तिच्या प्रणालींवाचून मुद्रण आणि जाहिरात व्यवसायाचे पान हलत नाही. पूर्वी या प्रणाली एकदा विकत घेतल्या की कायमच्या वापरता येत. २०१३ मध्ये कंपनीने तो मार्ग सोडून वर्गणीची पद्धत स्वीकारली. या वर्गणीचे तीन प्रकार आहेत. पहिला निव्वळ मासिक, दुसरा वार्षिक रक्कम एकदम आगाऊ भरण्याचा. तिसरा या दोहोंच्या मधला, म्हणजे करार वर्षाचा पण भरणा दरमहा. घोळ होतो तो या तिसऱ्या प्रकारात. दर महिन्याला पैसे जातात म्हणून ग्राहक ही योजना मासिकच समजतो. प्रत्यक्षात त्याने वर्षभराचे देणे मान्य केलेले असते.

पहिल्या १४ दिवसांत योजना रद्द केली तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यानंतर या तिसऱ्या प्रकारातून बाहेर पडायचे तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मी रक्कम शुल्क म्हणून द्यावी लागते, अशी कंपनीची सर्वसाधारण अट राहिली आहे. याच अटीवरून फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीनुसार अमेरिकेच्या न्याय खात्याने जून २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. हे शुल्क बारीक अक्षरांत आणि दुव्यांच्या आड दडवले जाते आणि योजना रद्द करण्याची वाट मुद्दाम खडतर केली जाते, असा आयोगाचा आरोप होता. आपल्या अटी स्पष्ट असून रद्द करण्याची पद्धत सोपी आहे, असे सांगत कंपनीने तो नाकारला. त्या वादाचा निवाडा काहीही असो, ग्राहकाला त्यातून एक उत्तम धडा मिळतो. तो आकड्यांतच पाहू.

सहावा आणि दहावा महिना

समजा, पुण्यातील एका स्वतंत्र मांडणीकाराला अशी एखादी प्रणाली घ्यायची आहे. हिशेब सोपा जावा म्हणून दर पूर्णांकांत धरू. निव्वळ मासिक योजना दरमहा १,५०० रुपये, वार्षिक करारावर दरमहा १,००० रुपये आणि वर्षाचे एकदम भरल्यास ११,००० रुपये. पाटीवर पाहिले तर मासिक योजना वर्षाला १८ हजारांना पडते, म्हणजे ती घेणारा वेडाच ठरावा. पण त्याला काम मध्येच थांबवावे लागले, तर चित्र बदलते.

मासिक योजनेत तीन महिने काम केले तर ४,५०० रुपये जातील आणि विषय तेथेच संपेल. वार्षिक करारात तीन महिन्यांचे ३,००० रुपये भरून झाल्यावर उरलेल्या नऊ महिन्यांच्या ९,००० रुपयांपैकी निम्मे, म्हणजे ४,५०० रुपये शुल्क द्यावे लागेल. एकूण खर्च ७,५०० रुपये. वापरलेला प्रत्येक महिना अडीच हजारांना पडला. 'स्वस्त' योजना येथे मासिकापेक्षा महाग ठरली.

सहा महिन्यांनी सोडल्यास दोन्हींचा खर्च नेमका ९,००० रुपये होतो. त्यापुढे वार्षिक करार सरस ठरू लागतो. आठ महिन्यांनी मासिकात १२ हजार गेलेले असतील, तर करारातून शुल्कासह बाहेर पडायला १० हजार पुरतील. आगाऊ भरलेल्या योजनेचा खर्च मात्र कधीही सोडा, ११ हजारच. कारण १४ दिवसांनंतर तिचे पैसे परत मिळत नाहीत, फक्त वर्ष संपेपर्यंत प्रणाली चालू राहते. करारातला खर्च दहाव्या महिन्याला ११ हजारांवर येतो. म्हणजे एकदम पैसे भरणे फायद्याचे केव्हा, तर दहा महिन्यांहून अधिक वापर होणार असेल तेव्हाच.

हे दोन टप्पे या दरांचे आणि या शुल्काचे आहेत. अटी बदलल्या की तेही सरकतात. एखादी कंपनी उरलेली संपूर्ण रक्कम मागत असेल, तर दरमहा भरण्याच्या कराराचा खर्च कोणत्याही परिस्थितीत १२ हजारच होईल. मग त्यापेक्षा ११ हजार आगाऊ भरलेले बरे. तेव्हा सात महिन्यांपर्यंत मासिक योजना आणि आठव्यापासून आगाऊ भरणा, असा सरळ कौल लागतो. त्यामुळे दर विचारण्याआधी बाहेर पडण्याचे शुल्क विचारावे. ते कळले की बाकीचा हिशेब कागदाच्या कपट्यावर होतो.

आता आपल्या मांडणीकाराचे काम हंगामी आहे असे धरू. मार्च ते मे लग्नपत्रिका, ऑगस्ट ते ऑक्टोबर दिवाळी अंक. सहा महिने प्रणाली हवी, पण सलग नव्हे. मासिक योजना मे अखेरीस बंद करून ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली तर ९,००० रुपयांत भागते. मात्र मेमध्ये ती बंद करायची राहिली, तर जून-जुलैचे तीन हजार विनाकारण जातात आणि खर्च १२ हजारांवर, म्हणजे आगाऊ भरण्यापेक्षाही वर पोहोचतो. मासिक योजनेचा लाभ शिस्तीच्या माणसालाच मिळतो, तो असा.

उधारीवरची बचत

आगाऊ भरण्याने वाचणारे हजार रुपयेही निखळ नसतात. बचत खात्यातील पैसे वापरले तर बुडणारे व्याज किरकोळ असते. पण ही ११ हजारांची रक्कम क्रेडिट कार्डावर टाकून ती दरमहा हजाराने फेडायची असेल, तर दरमहा तीन टक्के व्याजाने ११ महिन्यांत १,९८० रुपये व्याज होते, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळाच. हजार वाचवण्यासाठी दोन हजारांहून अधिक मोजायचे, असा हा व्यवहार होतो. शिवाय जाहीर दरात कर धरला आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. एका योजनेचा दर करासह आणि दुसऱ्याचा कराविना असेल, तर तुलनाच फसते.

नूतनीकरणाचा फास

अडकवणूक पहिल्या वर्षाबरोबर संपत नाही. बहुतेक योजना वर्ष भरताच आपोआप पुढे चालू होतात आणि पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर दुसऱ्या वर्षी असेलच असे नाही. येथे रिझर्व्ह बँकेचा नियम ठाऊक असणे उपयोगाचे आहे. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार अशी आवर्ती रक्कम कार्डावरून कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी. त्याला ती सूचना पाहून व्यवहार थांबवता येतो किंवा बँकेला दिलेली मंजुरीच मागे घेता येते. मात्र पासवर्ड न विचारता रक्कम कापण्याची मर्यादा जून २०२२ मध्ये पाच हजारांवरून १५ हजार रुपयांवर नेण्यात आली. आपली ११ हजारांची वार्षिक योजना त्या मर्यादेत सहज बसते. म्हणजे एका लघुसंदेशाकडे दुर्लक्ष झाले की वर्षाची रक्कम गेली.

याबाबत आणखी एक गैरसमज आढळतो. बँकेकडील मंजुरी रद्द केली म्हणजे करार संपला, असे नव्हे. पैसे जाण्याची वाट बंद होते, पण कंपनीच्या दृष्टीने देणे शिल्लक राहते. आधी कंपनीच्या संकेतस्थळावर योजना रद्द करावी, त्याची पोच जपून ठेवावी आणि मगच बँकेकडे जावे. परताव्याची १४ दिवसांची मुदत पहिल्या खरेदीपुरतीच आहे की प्रत्येक नूतनीकरणाला नव्याने मिळते, हेही करारात आधीच वाचून ठेवावे.

कायद्याचा आधार किती?

भारतीय ग्राहक अगदीच निराधार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ रचना नोंदवल्या असून, वर्गणी रद्द करण्याची सोय लपवणे किंवा ती प्रक्रिया किचकट करणे ही त्यांपैकी एक आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्याय्य करारा'ची संकल्पनाही आली. करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड आकारणारी अट त्यात मोडते. मात्र अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. शिवाय धंद्यासाठी घेतलेली सेवा सर्वसाधारणपणे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यालाच त्यात सूट आहे. आपला एकटा मांडणीकार त्यात बसू शकेल, दहा माणसांची जाहिरात संस्था बसणे अवघड.

सहा-सात हजारांच्या शुल्कासाठी राज्य आयोगाची पायरी कोण चढणार, हा प्रश्न उरतोच. कायद्याचा आधार असला तरी तो गाठण्याचा खर्च वादातील रकमेहून मोठा ठरतो. म्हणून संरक्षणाची खरी जागा 'मान्य आहे' या बटणाच्या आधीच आहे. काम किती महिने चालेल याची खात्री नसेल, तर पहिले दोन-तीन महिने निव्वळ मासिक दराने घ्यावेत. वरच्या उदाहरणात तीन महिन्यांत करारापेक्षा दीड हजार रुपये अधिक जातात. पण करारातून तिसऱ्याच महिन्यात बाहेर पडावे लागले, तर साडेचार हजारांचे शुल्क पडते. अनिश्चित काळासाठी दीड हजारांत घेतलेला हा विमा महाग म्हणता येणार नाही.