नागीण : पहिले तीन दिवस, पाण्याची बाटली आणि मागे रेंगाळणारी वेदना

नागीण हा शब्द उच्चारला की आपल्याकडील घरांत प्रथम आठवतो तो गेरू, आणि मग ‘नागीण उतरवणारा’ कोणी जाणकार. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळून कमरेला पूर्ण वेढा पडला की माणूस दगावतो, ही समजूतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यात तथ्य नाही. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतात. वयोमानाने प्रतिकारशक्ती उणावली की त्यांपैकी एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने ते पुन्हा त्वचेवर येतात. हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूस पसरलेला असतो, म्हणून पुरळही बहुधा एकाच बाजूस पट्ट्यासारखे उठते आणि मध्यरेषेपाशी थांबते. वेढ्याचे भय व्यर्थ आहे. खरी हानी होते ती उतारा शोधण्यात गेलेल्या दिवसांमुळे.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या एखाद्या गावातील ७६ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो. रक्तदाबासाठी त्या लघवी वाढवणारी गोळी घेतात. गुडघे दुखले की अधूनमधून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीही घेतात. चैत्र-वैशाखाचे ऊन आहे. दोन दिवस बरगडीखाली उजवीकडे आग होत होती. सोमवारी संध्याकाळी तेथे लाल चट्टे आणि त्यांवर पाण्याने भरलेले बारीक फोड दिसले. शेजारणीने गेरू लावण्यास सांगितले. सूनबाईंनी मात्र बुधवारी सकाळी त्यांना रुग्णालयात नेले. पुरळ उठून तेव्हा सुमारे चाळीस तास झाले होते.

हे तास का मोजायचे? असायक्लोवीर, व्हॅलासायक्लोवीर किंवा फॅमसायक्लोवीर ही औषधे विषाणूची वाढ रोखतात. झालेली इजा भरून काढत नाहीत. वाढ जोरात असते ती पहिल्या काही दिवसांत. म्हणून पुरळ दिसल्यापासून बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू कराव्यात, असा संकेत आहे. हे तास वेदनेपासून नव्हे, पुरळ दिसल्यापासून मोजावेत. मुदत उलटली म्हणून घरी बसू नये. नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ पुरळ असेल किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर डॉक्टर नंतरही औषध सुरू करतात. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण दृष्टी धोक्यात असते. कानाजवळ फोड येऊन चेहरा एका बाजूस वाकडा झाला, तरी तितकीच तातडी समजावी.

मूत्रपिंडे निरोगी असल्यास असायक्लोवीर ८०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यावी लागते : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. व्हॅलासायक्लोवीर १ ग्रॅम दिवसातून तीनदा पुरते, म्हणून ज्येष्ठांना ते सोयीचे वाटते. पण येथेच मूत्रपिंडांचा प्रश्न येतो. ही औषधे मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर औषध रक्तात साठते. शरीरात पाणी कमी असेल तर असायक्लोवीरचे बारीक स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत अडकू शकतात.

आजींच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.१ आले. छापील मर्यादेशी ताडून पाहिले तर काळजीचे काही दिसत नाही. पण वय, वजन आणि स्त्री असणे लक्षात घेऊन डॉक्टर हिशेब करतात. १४० मधून वय वजा केले की ६४. त्याला ४८ किलोने गुणले की ३०७२. त्यास ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ ने भागले की सुमारे ३९. आणि स्त्रियांसाठी ०.८५ ने गुणले की ३३. मूत्रपिंडांची ही गाळण्याची क्षमता तरुण वयाच्या जेमतेम तिसरा हिस्सा आहे. ३० ते ४९ च्या दरम्यान व्हॅलासायक्लोवीर १ ग्रॅम तीनदा नव्हे, दोनदाच देतात. म्हणून शेजारच्यांना लिहून दिलेल्या गोळ्या आपल्या आजीला देऊ नयेत, आणि डॉक्टरांकडे जाताना वजन, जुने रक्ताचे अहवाल व चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

पाण्याचे काय? वृद्धांना तहान उशिरा लागते, आणि दुखण्यात उठून पाणी घेण्याचे टाळले जाते. एक लिटरची बाटली सकाळी भरून उशाशी ठेवावी, ती दुपारपर्यंत संपवावी आणि पुन्हा भरावी. ताक, पेज, वरणाचे पाणीही त्यात धरावे. लघवी फिकट आणि नेहमीइतकी होत असेल तर ठीक. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून दिले जाते, त्यांनी मर्यादा स्वतः वाढवू नये, डॉक्टरांना विचारावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या या आठवड्यात टाळाव्यात, कारण त्या मूत्रपिंडांवरील भार वाढवतात. उलट्या-जुलाब झाले तर लघवी वाढवणाऱ्या गोळीबद्दल त्याच दिवशी विचारणा करावी.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आजी असंबद्ध बोलू लागल्या, नसलेली माणसे पाहू लागल्या, फार गुंगल्या किंवा हात थरथरू लागले, तर ‘वयामुळे बडबडतात’ असे समजू नये. औषध रक्तात साठल्याचे हे लक्षण असू शकते. पुढची गोळी न देता, पट्टी घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. लघवी एकदम कमी झाली तरी तसेच करावे.

सात दिवसांत गोळ्या संपतात आणि फोडांवर खपल्या धरतात. खपल्या धरेपर्यंत पुरळ कापडाने झाकावे. ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशा गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांना दूर ठेवावे. वेदना मात्र पुरळाबरोबर जाईलच असे नाही. वेळेवर घेतलेल्या गोळ्या फोड लवकर सुकवतात आणि सुरुवातीची वेदना कमी करतात. पण मागाहून रेंगाळणारी वेदना त्या हमखास टाळतात, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून पुढचा पाठपुरावा हवा.

कॅलेंडरवर रोज रात्री वेदनेला शून्य ते दहापैकी एक आकडा द्यावा, आणि झोप लागली की नाही ते लिहावे. पुरळ गेल्यावरही लुगड्याचा पदर लागताच चटका बसतो, मधूनच विजेसारखी कळ येते, अशी तक्रार असेल तर महिन्याभरात पुन्हा दाखवावे. तीन महिन्यांनंतरही उरलेल्या वेदनेला नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना म्हणतात. तिच्यावर नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, कधी नॉरट्रिप्टिलीन, किंवा अखंड त्वचेवर लावण्याची लिग्नोकेनची पट्टी वापरतात. गॅबापेंटिन व प्रीगॅबालिनही लघवीवाटेच बाहेर पडतात, त्यामुळे आजींचा तो ३३ हा आकडा येथेही सांगावा. सुरुवात रात्रीच्या लहान मात्रेने होते, परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, म्हणून रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा, आणि बरे वाटले तरी या गोळ्या एकाएकी बंद करू नयेत.

पन्नाशीनंतर घेता येणारी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा असतात. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. कधी घ्यावी, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे.