‘नोंदणीकृत’ आहे, पण कशासाठी?



टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. दुपारच्या फुरसतीत त्यांना मोबाइलवर एक वेबसाइट दिसली. शेअर्सच्या व्यवहारातून दरमहा 12 टक्के नफा, आणि तोही म्हणे खात्रीचा! घरात न सांगता त्यांनी 5,000 रुपये भरले, महिन्याने 600 रुपये खात्यात जमाही झाले. आता भिशीचे 80,000 रुपये हाती आले आहेत. त्या विचारतात, “वेबसाइटवर नोंदणीचे क्रमांक दिलेत, कंपनी सरकारमान्य आहे. मग भरायला हरकत काय?”

हरकत आहे, बाई. त्यांचीच वेबसाइट समोर ठेवून पाहू या.

आधी हिशेब. दरमहा 12 टक्के म्हणजे वर्षाला 144. बँकेच्या मुदत ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास मिळतात. इतका नफा देणारा धंदा ज्याला खरोखर सापडला, तो बँकेकडून कर्ज काढून मोकळा होईल. तुमच्या-माझ्या भिशीच्या मागे कशाला लागेल? शिवाय शेअर बाजारात वर-खाली व्हायचंच. म्हणून सेबीकडे नोंदलेल्या दलालाला किंवा सल्लागाराला खात्रीच्या नफ्याचं वचन द्यायला मनाईच आहे. म्हणजे ‘खात्रीचा’ हा शब्दच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. आणि ते 600 रुपये? तुमच्याच 5,000 मधून ते सहज परत देता येतात. मोठी रक्कम यावी म्हणून टाकलेला तो दाणा असतो.

आता पानाच्या तळाशी जाऊ. तिथे बारीक अक्षरांत कंपनीचा 21 अक्षरांचा क्रमांक आहे, त्याला CIN म्हणतात. तो वाचणं सोपं आहे. सुरुवातीला L असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, U असेल तर नाही. मग उद्योगाचे पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं, महाराष्ट्र असेल तर MH, आणि त्यानंतर स्थापनेचं वर्ष. या वेबसाइटवर ‘पंधरा वर्षांचा विश्वास’ असं ठळक छापलंय, आणि क्रमांकातलं वर्ष आहे 2024!

पण समजा, वर्षही जुळलं असतं. तरी हा क्रमांक एवढंच सांगतो की या नावाची कंपनी कागदोपत्री आहे. जीएसटीचा क्रमांक कर भरण्यासाठी असतो. लोकांकडून पैसे घेण्याची परवानगी या दोन्हींतून मिळत नाही. टोरेसची आठवण आहे ना? दादरला मोठं दुकान, आपल्या कल्याणलाही शाखा. मागे प्लॅटिनम हर्न प्रायव्हेट लिमिटेड ही रीतसर नोंदलेली कंपनी होती. खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला सहा टक्के, पुढे तर अकरा टक्क्यांपर्यंतचं आमिष होतं. जानेवारी 2025 मध्ये दुकानांना टाळी लागली, आणि दारात जमलेल्या गर्दीत बायकाही होत्याच. कंपनीची नोंद खरी होती. परवान्याचं मात्र कुणी विचारलंच नाही.

शेअर्सच्या बाबतीत तो परवाना सेबीचा. दलालाचा क्रमांक INZ ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा INA ने. आमच्या भगिनींच्या वेबसाइटवर INZ चा क्रमांक आहे खरा. मी sebi.gov.in वरच्या नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत तो घालून पाहिला, आणि क्रमांक निघाला खरा! इथेच पुष्कळजणी थांबतात. तुम्ही थांबू नका. यादीतलं नाव, पत्ता आणि ईमेल एकेक करून ताडून पाहा. माझ्यासमोर आलेलं नाव दुसऱ्याच शहरातल्या दलालाचं होतं, ईमेलही वेगळा. यादीत दिलेल्या फोनवर विचारलं, तर तिथले गृहस्थ म्हणाले, “ही वेबसाइट आमची नाही हो.” फोन करायचा तो यादीतल्याच नंबरावर, बरं का, वेबसाइटवरचा नंबर उचलणारा त्यांचाच माणूस असणार.

एक खूण उरली. 5,000 रुपये कोणाच्या नावावर गेले, असं मी त्यांना विचारलं. पावतीवर कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं नाव निघालं, कंपनीचं नव्हे. नोंदलेला दलाल शेअर्सचे पैसे असे भलत्याच्या खात्यात मागत नाही.

तेव्हा भगिनी, 80,000 आज बँकेतच राहू द्या. उरलेले 4,400 काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ म्हणतील; तो भरू नका. पावती आणि वेबसाइटच्या पानांचे फोटो जपून ठेवा आणि 1930 वर आजच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. आणि घरात सांगा. चार दिवस बोलणी खावी लागतील, पण तक्रारीला पोलीस ठाण्यात जाताना सोबत कुणीतरी लागेलच.