अकोला-अमरावतीसाठी पन्नास वाक्यं: प्रश्न नाही, उत्तर पाहून निवडा

मराठी-हिंदी न येणारा पाहुणा दोन आठवड्यांनी चेन्नईहून अकोल्याला येणार आहे. त्याने कोणती पन्नास वाक्यं पाठ करावीत? तयार याद्या 'तुम्ही कसे आहात?'पासून सुरू होतात. माझ्या मते ते वाक्य आधी वगळावं. त्याचं उत्तर लांबलचक येतं आणि पाहुण्याला त्यातलं काहीच कळत नाही.

निवडीची कसोटी

ज्या प्रश्नाचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा हाताच्या इशाऱ्याने मिळतं, तोच प्रश्न घ्यावा. एसटी स्टँडवर 'ही गाडी कुठं जाते?' विचारलं, तर दहा गावांची नावं ऐकावी लागतात. त्याऐवजी 'ही गाडी मूर्तिजापूरला थांबते का?' असं विचारावं. गावाचं नाव बदललं की तेच वाक्य सगळीकडे चालतं.

रेल्वेतही हेच. मुंबई-हावडा मार्गावरच्या अनेक गाड्या अमरावती शहरात जात नाहीत, त्यासाठी बडनेऱ्याला उतरावं लागतं. म्हणून 'अमरावतीसाठी इथं उतरायचं का?' हे वाक्य यादीत हवंच.

बोलायचं एक, ऐकायचं दुसरं

पुस्तकी मराठी बोललं तरी इथं सगळ्यांना समजतं. अडचण उत्तर ऐकताना येते. 'कुठे'चं 'कुठी', 'मला'चं 'मले', 'का'चं 'काऊन' आणि 'जातो आहे'चं 'जाऊन रायलो' होतं. त्यामुळे पन्नासपैकी दहा वाक्यं फक्त ऐकून ओळखण्यासाठी ठेवावीत. ती बोलायची गरज नाही. मित्रांमधला 'बे' तर अनोळखी माणसाशी वापरूच नये. 'भाऊ' आणि 'ताई' पुरेसं आहे.

उरलेल्या चाळीसची वाटणी

प्रवासाला पंधरा, खाण्यापिण्याला दहा, तब्येत आणि मदतीला दहा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून 'चक्कर येते आहे', 'सावलीत बसू द्या' आणि 'दवाखाना जवळ आहे का?' आधी शिकावीत. शेवटची पाच वाक्यं संवाद सावरणारी: 'हळू बोला', 'पुन्हा सांगा', 'मोबाईलवर लिहून द्या'. यातलं शेवटचं सर्वात उपयोगी. 'पावणेनऊची गाडी' ऐकून नवखा माणूस फक्त 'नऊ' पकडतो आणि ८.४५ची एसटी निघून जाते.

चौदा दिवसांचा हिशेब

पहिले दहा दिवस रोज पाच वाक्यं. उरलेल्या चार दिवसांत नवं काही घेऊ नये. एखाद्या वऱ्हाडी माणसाला फोन लावून प्रश्न विचारावा आणि उत्तर ऐकावं. तीनदा ऐकूनही उत्तर कळलं नाही, तर दोष पाहुण्याचा नाही. तो प्रश्नच बदलावा.