कुमक कधी यावी?

वेढ्याची लढाई मिनिएचरच्या टेबलावर मांडायची म्हटली की पहिली पंचाईत होते ती वेळेची. वेढा म्हणजे महिनोन्‌महिने वाट पाहणं, आणि वाट पाहण्याचा खेळ होत नाही. म्हणून सगळा वेढा न मांडता त्यातली एखादी दुपार उचलावी. इ.स.पूर्व ५२ मधल्या आलेसियाची शेवटची दुपार त्यासाठी फार सोयीची आहे.

टेकडीवर वर्सिंजेटोरिक्स अडकलेला. त्याच्याभोवती सीझरची आतली तटबंदी, आणि गॉलांची कुमक बाहेरून येणार म्हणून तिच्याही बाहेर दुसरी. वेढा घालणाराच वेढला गेलेला. उत्तरेची टेकडी मात्र फार मोठी असल्यामुळे तटात घेता आली नव्हती; तिथली छावणी उतारावरच उभी होती आणि दोन लीजन ती राखत होते. गॉलांच्या कुमकेतला वर्कासिवेलॉनस रात्रीतून फौज घेऊन त्या टेकडीमागे गेला आणि भर दुपारी वरून तुटून पडला. आतून वर्सिंजेटोरिक्स आकडे घेऊन उतरला. सीझरने लॅबिएनसला सहा कोहोर्ट देऊन छावणीकडे धाडलं, आणि शेवटी तो स्वतः आला. आठ पाळ्यांच्या डावाला एवढा मजकूर भरपूर झाला.

वाद आहे तो कुमकेचा. मैदानावर गॉलांची आणखी मोठी फौज होती. ती आपल्या छावणीसमोर येऊन उभी राहिली, हे सीझर सांगतो. पुढे तिने काय केलं याबद्दल तो जवळपास गप्प आहे. खेळात ती कधी उतरावी? ठरलेल्या पाळीला, असं एक मत. त्यात न्याय आहे, पण रोमन खेळाडू बोटं मोजत बसतो आणि बरोबर त्याच पाळीला राखीव तुकड्या तिकडे वळवतो. फाशावर सोडा, असं दुसरं मत. तिसऱ्या पाळीपासून दर पाळीला सहा पडला तरच फौज येणार, असा नियम ठेवला तर आठव्या पाळीपर्यंत ती न येण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के राहते. म्हणजे तीनांतला एक डाव गॉल खेळाडू नुसता फासे टाकून हरणार. अनिश्चितता हवी हे खरं, पण एवढी नको.

आम्हाला मधला मार्ग बरा वाटतो. तिसऱ्या पाळीला पाच किंवा जास्त, चौथीला चार किंवा जास्त, पाचवीला तीन किंवा जास्त, आणि सहावीला खात्रीने. मग चौथ्या पाळीअखेर फौज आलेली असण्याची शक्यता ६७ टक्के होते आणि पाचवीअखेर ८९. फौज येणार हे दोघांनाही ठाऊक असतं, कधी ते कोणालाच नाही. फासा उलटा पडला तरी पुढची पाळी आधीपेक्षा बरी असते, त्यामुळे गॉल खेळाडू खुर्चीत मागे रेलत नाही.

रोमन कुमकेला मात्र फासा लावू नये. लॅबिएनस कुठूनतरी उगवला नव्हता. तटावरून माणसं काढूनच छावणीकडे पाठवावी लागत होती. म्हणून टेबलावरही राखीव तुकडी मैदानाकडच्या दोन चौक्यांमधूनच उचलायला लावावी. छावणी वाचवायची तर चौकी ओस पडते. गॉलांची मैदानी फौज अजून यायची असताना हा निर्णय घेणं जड जातं, आणि दोन्ही कुमका इथेच एकमेकींत गुंततात.

गुणांची वाटणीही याच धोरणाने करावी. छावणीला तीन, दोन्ही चौक्यांना एकेक, आणि आतली तटबंदी फोडली की राखली याला दोन. एकूण सात, चार मिळवणारा जिंकला. छावणी पडली तरी उरलेलं सगळं राखून रोमन जिंकू शकतो, आणि छावणी हाती लागली नाही तरी बाकीचं घेऊन गॉल.

यावर इतिहासाच्या बाजूने रास्त आक्षेप येतो: गॉल हरलेच होते, मग त्यांना निम्मी संधी कशासाठी? शिवाय सीझरच्या म्हणण्याप्रमाणे वर्कासिवेलॉनसचे साठ हजार होते. तो आकडा तसाच धरला तर छावणीवरची झुंज एकतर्फी होते, आणि टेबलावर दुपटीहून जास्त बळ दिलं तर तट आणि सापळे कवडीमोल ठरतात. आक्षेप पूर्णपणे खोडता येत नाही. एवढंच म्हणता येईल, की त्या दुपारी रोमन कडेलोटाच्या जवळ होते हे सीझरचं कथनच सांगतं. खंदकापुढचे अणकुचीदार खुंटांचे खड्डे गॉलांनी माती टाकून बुजवले, आणि रोमनांची शस्त्रं व ताकद संपत आली होती. म्हणून सापळा एकदाच लागावा आणि पहिली तुकडी अडवून निकामी व्हावा. तटाचा जोर पाळीगणिक उतरला की दुप्पट संख्याही पुरते, आणि कोण जिंकेल हे आधी सांगता येत नाही.

बाजू बदलून दोनदा खेळल्यावर दोष आपोआप दिसतो. रोमन खेळाडू दर डावात त्याच पाळीला त्याच चौकीतून माणसं काढत असेल, तर तिथे निवडच उरलेली नाही. त्या चौकीचा गुण दोनवर न्यावा आणि जिंकण्याची अट पाचवर.