लाईन शाबूत, पण तालुका अंधारात : पीटीचा फ्यूज उडतो तेव्हा नेमके काय होते?

विश्लेषण

पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास वीज जाते. उपकेंद्रात फोन लावला की उत्तर मिळते, 'वरची १३२ ची लाईन ट्रिप झाली, पेट्रोलिंग सुरू आहे.' सकाळपर्यंत कर्मचारी टॉर्च आणि काठ्या घेऊन टॉवर ते टॉवर फिरतात. झाड पडलेले नसते. तार तुटलेली नसते, इन्सुलेटर फुटलेला नसतो. शेवटी 'ट्रान्झियंट फॉल्ट' असे रजिस्टरमध्ये लिहून लाईन पुन्हा चार्ज होते आणि चालते. गावात एकच प्रश्न राहतो, लाईन गेली तर गेली काहून?

दरवेळी नाही, पण काही वेळा याचे उत्तर जंगलात नसतेच. ते उपकेंद्राच्या आवारातल्या एका लहान लोखंडी पेटीत असते. बोटभर लांबीचा फ्यूज उडालेला असतो, आणि त्यामुळे लाईनचे रक्षण करणारा रिले फसलेला असतो. सावली, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या पट्ट्यात रात्री पायी पेट्रोलिंग करणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. वाघाच्या वाटेवर माणसे पाठवायची आणि शोधायचा तो फॉल्ट तिथे नसायचा. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअरांचा राहत नाही.

चंद्रपूरच्या दुर्गापुरात २९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक केंद्र आहे. तरी गडचिरोलीच्या टोकाच्या तालुक्यांना वीज मिळते ती जंगलातून जाणाऱ्या लांब लाईनींवरून. अशा ठिकाणी एक लाईन गेली की पर्याय कमी असतात, त्यामुळे खोटी ट्रिप इथे जास्त महाग पडते.

आता पेटीत काय असते ते पाहू. १३२ केव्हीच्या तारेला मीटर किंवा रिले थेट जोडता येत नाही. मध्ये पीटी, म्हणजे पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर असतो. मोठ्या व्होल्टेजवर त्याच कामासाठी सीव्हीटी असते, बोलताना सगळे पीटीच म्हणतात. १३२ केव्हीच्या लाईनवर प्रत्येक फेज जमिनीच्या तुलनेत सुमारे ७६,२०० व्होल्टवर असतो. पीटी त्याचे ६३.५ व्होल्ट करून देतो, म्हणजे १२०० पटीने लहान. हे लहान व्होल्टेज केबलने कंट्रोल रूममध्ये जाते आणि त्या वाटेवर प्रत्येक फेजला एक फ्यूज किंवा एमसीबी असतो. पेटीत पाणी शिरले, पाल अडकली, फ्यूजचा चिमटा ढिला झाला, टेस्टिंग करताना दोन वायरी टेकल्या, की तो जातो. मेंटेनन्सनंतर काढलेला फ्यूज परत लावायचा राहून गेला, असेही होते. लाईनला काहीच झालेले नसते, फक्त रिलेचा एक डोळा मिटतो.

लांब लाईनवर जो रिले असतो त्याला डिस्टन्स रिले म्हणतात. तो मोजतो दोनच गोष्टी, व्होल्टेज आणि करंट, आणि व्होल्टेजला करंटने भागतो. येणारे उत्तर ओहममध्ये असते. उत्तर जितके लहान तितका फॉल्ट जवळ, असे त्याचे साधे गणित. समजा लाईन ६० किलोमीटरची आहे आणि किलोमीटरला ०.४ ओहम धरले. पूर्ण लाईन झाली २४ ओहम. रिलेला सांगून ठेवलेले असते की उत्तर साधारण ८० टक्के लाईनच्या आत, म्हणजे १९ ओहमच्या खाली आले तर थांबू नको, ताबडतोब ब्रेकर पाड. याला झोन एक म्हणतात. त्यापुढचे झोन थोडे थांबून काम करतात.

रोजच्या लोडवर लाईनमधून १५० अँपिअर वाहतात असे धरा. ७६,२०० भागिले १५० म्हणजे ५०८ ओहम. १९ पासून हे फार लांब, म्हणून रिले शांत. आता आर फेजचा फ्यूज उडाला. तारेवर ७६,२०० व्होल्ट तसेच आहेत, करंट तसाच १५० आहे, पण रिलेपर्यंत आर फेजचे व्होल्टेज जवळपास शून्य पोहोचते. शून्याला १५० ने भागले की उत्तर शून्य. रिलेच्या दृष्टीने याचा अर्थ, फॉल्ट अगदी उपकेंद्राच्या गेटवर झाला. तो आपले कर्तव्य करतो आणि लाईन पाडतो. त्याची चूक नाही, त्याला मिळालेली माहिती चुकीची होती.

भागाकारातली एक बाजू बिघडली की केवढे होऊ शकते, हे देशाने ३० जुलै २०१२ च्या पहाटे पाहिले. २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० केव्ही बिना-ग्वाल्हेर लाईन डिस्टन्स रिलेच्या झोन तीनने पाडली आणि उत्तरेकडचे ग्रीड कोसळले. तिथे फ्यूजचा संबंध नव्हता. लोड फार वाढला होता आणि व्होल्टेज खाली आले होते, म्हणून उत्तर लहान आले. पण लाईनवर फॉल्ट नव्हता, हे चौकशी समितीने नोंदवले. फ्यूज उडाला की तेच गणित एका क्षणात बिघडते, आणि त्याला लोड वाढण्याचीही गरज लागत नाही.

काही रिले फ्यूज उडाल्याबरोबर पडत नाहीत आणि तिथे गोंधळ आणखी वाढतो. त्यांना सांगितलेले असते की करंट अमुक मर्यादेपेक्षा वाढल्याशिवाय ट्रिप करू नको. फ्यूज दुपारी उडतो, कोणाला कळत नाही. रात्री दूरच्या दुसऱ्याच लाईनवर वीज पडते, क्षणभर करंट वाढतो, आणि ही निरोगी लाईनही सोबत जाते. मग दोष पावसावर ढकलला जातो.

यावर उपाय रिलेच्याच आत असतो. त्याला लॉस ऑफ पोटेन्शियल, काही कंपन्यांच्या रिलेत व्हीटीएस, म्हणतात. युक्ती सोपी आहे. तीन फेजची व्होल्टेज दिशेसकट मिळवली तर निरोगी लाईनवर बेरीज शून्य येते. एक फ्यूज गेला की ती शून्य राहत नाही, ६३.५ व्होल्ट होते. खऱ्या अर्थ फॉल्टमध्येही व्होल्टेजची बेरीज बिघडते, पण तिथे करंटची बेरीजही बिघडते. म्हणून रिले स्वतःला विचारतो, व्होल्टेज बिघडले, पण करंट जसाच्या तसा आहे का? असेल तर हा फ्यूज आहे, फॉल्ट नाही. मग तो डिस्टन्सचे काम रोखून धरतो, अलार्म देतो आणि साध्या ओव्हरकरंटवर लाईन राखतो. हे सगळे झोन एकच्या आधी, म्हणजे सेकंदाच्या काही शतांशात झाले तरच उपयोग.

तिन्ही फ्यूज एकदम गेले तर ही युक्ती चालत नाही, कारण तिन्ही शून्यांची बेरीजही शून्यच. तिथे रिले वेगळे पाहतो. व्होल्टेज एकदम कोसळले, पण करंटने उडी मारली नाही, मग फ्यूजच. एमसीबी असेल तर त्याचा छोटा कॉन्टॅक्ट रिलेला थेट सांगतो, 'मी पडलो.' हा कॉन्टॅक्ट जोडला आहे की नुसताच मोकळा आहे, हे तपासून घ्यावे. कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये तो जोडलेलाच दिसतो.

या युक्तीला मर्यादा आहे आणि ती टोकाच्या तालुक्यांनाच लागू पडते. लाईनच्या शेवटच्या टोकाला मागून येणारा करंट फार कमी असतो. तिथे झाड खरेच टेकले तरी करंट नीट बिघडत नाही, आणि रिले खऱ्या फॉल्टला फ्यूज समजून गप्प बसू शकतो. सेटिंग फार हळवे ठेवले तर हा धोका, फार कडक ठेवले तर खोटी ट्रिप. एका उपकेंद्राचे सेटिंग दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरवणे म्हणूनच बरोबर नाही.

अलार्म आल्यावर काय, हाही प्रश्न आहे. लाईन चालू राहते म्हणून अलार्म रिसेट करून सोडून दिला, तर त्या लाईनचे मुख्य संरक्षण तेवढे दिवस बंद असते. त्या काळात खरे झाड पडले तर ही लाईन उशिरा सुटेल, किंवा मागचे उपकेंद्र पडून दोन-तीन तालुके एकत्र जातील.

खोटी ट्रिप ओळखणे अवघड नाही. रिलेच्या नोंदीत ट्रिपच्या क्षणीचे व्होल्टेज आणि करंट असतात. एका फेजचे व्होल्टेज शून्याजवळ, करंट मात्र रोजच्या लोडएवढाच आणि फॉल्टचे अंतर ०.० किलोमीटरच्या आसपास दाखवत असेल, तर जंगलात माणसे पाठवण्याआधी पेटी उघडावी. मल्टिमीटरने पाहिले तर त्या फेजला न्यूट्रलशी ६३.५ ऐवजी जवळपास काहीच मिळत नाही, आणि ११० व्होल्ट दाखवणाऱ्या तीन जोड्यांपैकी दोन साठ-पासष्टवर आलेल्या दिसतात. हे काम दहा मिनिटांचे आहे.

हाच फ्यूज मीटरच्या पीटीवर उडाला तर अंधार होत नाही, बिल चुकते. धानपट्ट्यातल्या उच्चदाबाच्या राईस मिलचे उदाहरण घ्या. मीटर तीन फेज चार वायरचा आहे आणि महिन्याला खरा वापर ९०,००० युनिट आहे. एक फेजचे व्होल्टेज गेले की मीटर दोनच फेज मोजतो, म्हणजे ६०,००० युनिट. मालकाला बिल कमी आल्याचा आनंद होतो आणि सहा महिन्यांनी फरकाचे बिल येते. इथे हिशेब नीट पाहावा. मोजलेले दोन तृतीयांश आहे, म्हणून खरा वापर काढायला दीडने गुणावे लागते. 'एक तृतीयांश कमी, म्हणून ३३ टक्के वाढवा' असे केले तर ८०,००० येतात आणि ते चूक आहे. पण दीडपट तेव्हाच बरोबर, जेव्हा त्या फेजवर खरेच शून्य होते. बाकीच्या फेजमधून थोडे व्होल्टेज मागे येऊन १५-२० व्होल्ट उरले असतील तर मीटरने तेवढे मोजलेले असते, आणि दीडपट जास्त होईल. तीन वायरचा, दोन पीटीचा मीटर असेल तर गणित वेगळेच. मधला सामाईक फ्यूज गेल्यास नोंद जवळपास निम्मी होते.

कोणता फ्यूज, कोणत्या तारखेपासून, किती व्होल्ट उरले होते, हे मीटरच्या स्मृतीत वेळेसह नोंदलेले असते. ते डाउनलोड केले की वाद बराच मिटतो. ग्राहकाने अंदाजाचा कागद नव्हे, हा डेटा मागावा. सविस्तर लोड सर्वे मर्यादित दिवसांचाच राहतो, म्हणून उशीर केला तर जुने पुसले जाते.

किती महिन्यांची वसुली, हा मुद्दा मात्र कायद्यात अडकतो. मीटर सदोष असेल तर राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत बिलाची दुरुस्ती कमाल तीन महिन्यांपर्यंतच आहे. वीज कंपनी म्हणते, मीटर चांगला होता, फ्यूज गेला, ही सुटलेली आकारणी आहे, सगळी भरा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांत मीटरच्या व्याख्येतच पीटी येतो, हा ग्राहकाच्या बाजूचा मुद्दा. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रेम कॉटेक्स प्रकरणात चुकीच्या गुणकामुळे राहिलेली सुमारे १ कोटी ३५ लाखांची आकारणी ग्राह्य धरली. तिथे गुणक चुकला होता, पीटी नाही, त्यामुळे फ्यूजच्या प्रकरणात तो निकाल किती लागू होतो यावर वाद घालायला जागा आहे. तोवर मिलमालकाने दर महिन्याला मीटरच्या डिस्प्लेवर तिन्ही फेजचे व्होल्टेज पाहून वहीत लिहिले, तर फ्यूज उडाल्याची तारीख निदान महिन्याच्या आत तरी त्याच्याकडे राहील.