ओझें कोणाच्या शिरावर?

माणूस मेला, बंदूक आरोपीच्या हातांत होती. मग आपण निर्दोष आहों हें त्यानेंच शाबीत करावयास नको काय? प्रथमच कायदा शिकूं लागलेल्या मुलास हा प्रश्न अडतोच. इंग्लंडांतील वुल्मिंग्टन नामक शेतमजुराचा खटला त्यानें पाहावा.

डिसेंबर १९३४ मध्यें माहेरीं गेलेली त्याची बायको त्याच्या बंदुकीच्या गोळीनें मेली. स्वतःचा जीव देण्याचा धाक घालीत असतां बार चुकून उडाला, असें तो म्हणाला. न्यायाधीशानें ज्यूरीस सांगितलें कीं, मृत्यु आरोपीच्या हातून झाला म्हणजे खूनच समजावा. अपघात होता हें आरोपीनें पटवावें. फांशीची शिक्षा झाली.

१९३५ सालीं लॉर्डांच्या सभेनें ती रद्द केली. लॉर्ड सँकी यांनीं ठरविलें कीं, गोळी जाणूनबुजून झाडली हेंही सरकारपक्षानेंच शाबीत केलें पाहिजे. आरोपीची हकीकत खरीच ठरावी लागत नाहीं. ती खरी असेल असा वाजवी संशय उरला, तरी तो सुटतो. आमच्या फौजदारी न्यायांतही सामान्य नियम हाच आहे.

वाजवी संशय म्हणजे मनाची लहर नव्हे. भुतानें चाप ओढला असेल, हा संशय फोल. परंतु धक्क्यानें बार उडणें शक्य असून सरकारपक्षास तें खोडतां आलें नाहीं, तर तो वाजवी होय.

अशा सुटकेनें आरोपी निष्पाप ठरतो असें नाहीं. गुन्हा शाबीत झाला नाहीं, एवढेंच ठरतें. म्हणून निकालपत्र वाचतांना विद्यार्थ्यानें प्रथम पाहावें: शाबितीचें ओझें कोणावर टाकलें आहे?