रजिस्टरातले ४ अंश आणि पगारातली कपात



कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आला तसा देणेकऱ्यांत वाटला जातो. ज्वारीचा दाणा घरात आणि कडबा गोठ्यात जातो. त्या कडब्यावर एखादी म्हैस, एखादी गाय जगते आणि दर दहा दिवसांनी दुधाचा जो काय पगार येतो, त्यावर घरातले मीठमिरची आणि पोरांच्या वह्या चालतात. त्या पगाराच्या चिठ्ठीवर अधूनमधून ‘कपात’ नावाची एक ओळ असते. विचारले तर सचिव सांगतो, ‘टाकीचे दूध हलके निघाले, सगळ्यांचेच कापले.’ का हलके निघाले? ‘लाइट गेली होती.’ संपला विषय. गावातल्या लाइटीवर इतके पाप घालून झाले आहे की आणखी एक घातले तरी कोणी विचारत नाही.

आम्ही विचारायचे ठरवले. संस्थेचे नाव इथे देत नाही, कारण हीच गोष्ट दुसऱ्या दहा गावांची असू शकते. १००० लिटरचा बल्क कूलर आहे. एप्रिलमधल्या एका रात्री सव्वानऊला लाइट गेली ती पहाटे तीनला आली. जनरेटर आहे, डिझेल नव्हते. सकाळी टँकरबरोबर गेलेल्या दुधाची संघात मिथिलीन ब्ल्यूची चाचणी झाली. निळा रंग अर्ध्या तासाच्या आत उडाला, म्हणजे दुधात जंतू बेसुमार. सगळी टाकी हलक्या प्रतीत टाकली आणि ज्याने स्वच्छ बादलीत दूध काढून धावत आणून घातले, त्याच्याही लिटरमागे कपात झाली. टाकीत पडल्यावर दुधाला मालक उरत नाही, कपातीला मात्र सगळे मालक.

आता त्या संस्थेचे तापमानाचे रजिस्टर पाहा. सकाळी ७ ला ४ अंश, ८ ला ४ अंश, संध्याकाळी ७ ला ४ अंश, ८ ला ४ अंश. महिनाभर हेच, एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात. भावांनो, हे रजिस्टर खोटे आहे हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. संध्याकाळी टाकीत सकाळचे ४५० लिटर दूध ४ अंशांवर आहे. त्यावर तुमचे-आमचे धारेचे ४५० लिटर ३५ अंशांचे पडले, तर सरासरी साडेएकोणीस येते. दूध ओतायला दीड तास लागतो आणि तेवढा वेळ यंत्र चालू असते, म्हणून प्रत्यक्षात काटा साडेएकोणीसवर जात नाही. पण धडधाकट यंत्रावरही शेवटचा कॅन ओतताना तो ११ अंशांच्या आसपास असलाच पाहिजे. त्या क्षणाला ज्या वहीत ४ लिहिले आहे, ती वही टाकीकडे न बघता लिहिली आहे. वर चढून परत खाली येणारे आकडे हीच खऱ्या नोंदीची खूण. सरळ रेघ दिसली की समजावे, लिहिणारा घरी बसून लिहितो.

खरी नोंद त्याच खोलीत होती. कूलरच्या डब्यात तापमान साठवणारे यंत्र बसवलेले आहे. दर काही मिनिटांनी ते आकडा टिपून ठेवते. ते बसवल्यापासून त्यातला एक कागद कोणी काढला नव्हता. तो काढायला लावला, दूध-संकलनाची वही शेजारी ठेवली आणि फक्त एकच हिशेब केला. यंत्र सुरू झाल्यापासून दूध ४ अंशांवर यायला किती मिनिटे लागली, आणि त्या वेळी दूध किती लिटर होते? मिनिटांना लिटरने भागून शंभर लिटरमागे किती मिनिटे ते काढले. जानेवारीत सकाळचे ३०० लिटर एक तास पंचेचाळीस मिनिटांत थंड होत होते, म्हणजे शंभर लिटरला ३५ मिनिटे. फेब्रुवारी संपताना तेच ३०० लिटर दोन तास घेऊ लागले, म्हणजे ४० मिनिटे. मार्चच्या मध्यात २८० लिटरला दोन तास वीस मिनिटे लागली, म्हणजे ५०. एप्रिल उजाडताना २८० लिटरला एकशे अडुसष्ट मिनिटे, म्हणजे शंभराला पूर्ण एक तास!

तीन महिन्यांत यंत्राची ताकद जवळजवळ निम्म्यावर आली आणि कोणाला पत्ता नाही. कारण साधे आहे. दूध कमी होते. टँकर यायच्या वेळी काटा ४ वरच दिसायचा, आणि संघाचा पर्यवेक्षक आला तरी तेवढेच बघून सही करून जायचा. टँकर येतानाचा आकडा म्हणजे परीक्षेला किती वेळ लागला ते न विचारता पेपर दिला एवढेच बघणे. कमी दुधात आजारी यंत्रही पास होते.

एप्रिलमध्ये शेजारच्या गावची टाकी बंद पडली आणि तिथले १७० लिटर इकडे आले. २८० चे ४५० झाले. आता हिशेब करा. जानेवारीच्या चालीने ४५० लिटरला सुमारे दोन तास चाळीस मिनिटे लागली असती. साडेसहाला यंत्र सुरू झाले, म्हणजे सव्वानऊच्या आत दूध ४ वर आले असते. मग लाइट गेली असती तरी बिघडले नसते, कारण चांगल्या टाकीचे थंड दूध चार तासांत जेमतेम एक अंश चढते. पहाटे तीनला ते पाच-साडेपाच अंशांवर असते. पण एप्रिलच्या चालीने त्याच ४५० लिटरला साडेचार तास हवे होते. सव्वानऊला लाइट गेली तेव्हा कागदावर १० अंशांच्या वरचा आकडा आहे आणि तिथूनच पुढे सहा तास दूध तसेच उभे. लाइट गेली हे खरे. पण दूध घालवले ते फेब्रुवारीपासून न वाचलेल्या कागदाने. लाइटीच्या नावावर संस्थेने आपला हलगर्जीपणा आमच्या पगारातून वसूल केला!

बरे, यंत्राला झाले तरी काय होते? कूलरच्या मागच्या बाजूला कंडेन्सरची जाळी असते. दुधातली उष्णता तिथून बाहेर फेकली जाते. त्या जाळीच्या पत्र्यांमध्ये कापसाची तूस, मळणीचा भुसा आणि धूळ बसून नमद्यासारखा थर झाला होता. आपल्याकडे हंगाम म्हटला की हवेत हेच असते, यात नवल नाही. नवल हे की तीन महिन्यांत तिकडे कोणी ब्रशही फिरवला नाही. यंत्र बंद करून मऊ ब्रशने, पत्रे न वाकवता झाडले आणि आतून बाहेर पाणी मारले, तर ते अर्ध्या तासाचे काम आहे.

जाळी साफ केल्यावर दुसऱ्या वेळच्या दुधालाच मिनिटे उतरली पाहिजेत. उतरली तर रोग तोच. उतरली नाहीत तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा आणि मेकॅनिकला बोलवावे. दोन्हींतला फरक कागदावरही बराचसा कळतो. जाळी तुंबली असेल तर उन्हाच्या वेळी, संध्याकाळच्या दुधाला जास्त ओढ लागते आणि पहाटेच्या गारव्यात यंत्र त्या मानाने बरे चालते. गॅस गळत असेल तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मिनिटे वाढत जातात, आणि पाइपाच्या सांध्याशी तेलाचा ओलसर डाग सापडतो. आमचे मत असे की नेहमीच्या ३५-३६ मिनिटांची ४५ झाली की ब्रश घ्यावा. ६० होण्याची वाट बघणारा चेअरमन दुधाचा नव्हे, खुर्चीचा चेअरमन. थंडीत दूधच थोडे गार येते म्हणून मिनिटे कमी पडतात, एवढी सूट मनाशी धरावी.

आणखी एक फसवणूक आहे, ती उलट्या बाजूची. एखाद्या दिवशी कागदावर दूध नेहमीपेक्षा फारच लवकर ४ वर आलेले दिसते. सचिव खूश होतो. खूश होऊ नये. टाकीचा तळ थंड असतो आणि मधली ढवळणी ते गारपण सगळ्या दुधाला पोचवते. ढवळणी बंद पडली की तळाचे दूध झटकन गार होते, तापमान टिपणारी नळी तळाशी असल्याने ती ४ दाखवते, कॉम्प्रेसर बंद होतो आणि वरचे दूध कोमटच राहते. अशा वेळी हाताने थर्मामीटर वरच्या दुधात धरावा. डब्यावरचा आकडा आणि हातातला आकडा यांत एका अंशाहून जास्त फरक आला, तर आधी ढवळणी पाहावी. ती ठीक असेल तर नळी खोटे बोलते असे समजावे.

हेही सांगून टाकले पाहिजे, नाहीतर उद्या कोणी आमचेच शब्द आमच्यावर फेकील. तापमानाचा कागद दूध कसे आले ते सांगत नाही. गरमीत दोन तास कॅनमध्ये राहिलेल्या दुधात जंतू आधीच वाढलेले असतात आणि कूलर त्यांना मारत नाही, फक्त त्यांची वाढ मंदावतो. पण म्हणूनच कागद हवा. कागद सरळ असेल तर दोष गोठ्यातला किंवा वाटेतला, आणि कागद वाकडा असेल तर दोष यंत्रखोलीतला. कोणाचे कापायचे ते मग ठरवता येते. कागदच न वाचता सगळ्यांचे कापणे हा न्याय नव्हे, सोय आहे.

तेव्हा पुढच्या सभेला जाताना फॅटच्या दराबरोबर हेही मागा: रोज दोन्ही वेळचे लिटर, यंत्र सुरू झाल्याची वेळ आणि काटा ४ वर आल्याची वेळ, संस्थेच्या फळ्यावर, सगळ्यांना दिसेल असे. भागाकार आपली शाळेतली पोर करील. आणि कपात लावायची असेल तर त्या दिवसाचा कागद चिठ्ठीला जोडून द्या म्हणावे.

जाताना कूलरवरची पाटीही वाचून या. बहुतेक ठिकाणी 2BII असे कोरलेले सापडेल. आयएसओ ५७०८ या मानकाप्रमाणे त्यातला 2 म्हणजे टाकी दोन वेळच्या दुधाची, II म्हणजे एका वेळचे दूध ३५ वरून ४ अंशांवर तीन तासांत आणण्याची हमी, आणि B म्हणजे ती हमी बाहेर ३२ अंश असतील तेव्हाची, यंत्र सुरक्षित चालण्याची हद्द ३८ अंश. याच मानकात A वर्गही आहे, त्याचे आकडे ३८ आणि ४३. अकोला, यवतमाळ, नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याही वर जातो. आमच्या गावांसाठी B वर्गाची टाकी कोणी पसंत केली आणि कोणत्या महिन्यात, हा प्रश्न आम्ही संघाला लेखी विचारला आहे. उत्तर आले की छापू.